सहलीचे फोटो : रॉ कुठे, जेपेग कुठे

रॉ फाईल म्हणजे सेन्सरवर पडलेल्या उजेडाची जवळजवळ कच्ची नोंद. त्याच नोंदीवर कॅमेऱ्याने व्हाइट बॅलन्स, कॉन्ट्रास्ट, रंग आणि शार्पनिंग ठरवून, नॉइज पुसून, नको वाटलेली माहिती टाकून दिली की जेपेग तयार होते. चौदा बिटच्या रॉमध्ये प्रत्येक पिक्सेलसाठी 16,384 पायऱ्या असतात, जेपेगमध्ये प्रत्येक रंगासाठी 256. रॉ आणि जेपेग या पायऱ्या उजेडाच्या पट्ट्यावर वेगवेगळ्या रीतीने वाटतात, त्यामुळे फरक आकड्यांवरून वाटतो तितका प्रचंड नसतो. फोटोत फारसा बदल करायचा नसेल तर तो डोळ्यांना दिसतही नाही. सावल्या उचलायला किंवा रंगाची छटा फिरवायला घेतल्यावर मात्र लगेच दिसतो.

हौसेने प्रवासात फोटो काढणाऱ्यांमध्ये या विषयावरचा वाद बहुधा मेमरी कार्डापासून सुरू होतो. 24 मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात गुणवत्ता न घालवता दाबलेली रॉ फाईल 25 ते 30 एमबीची होते, तर उत्तम दर्जाची जेपेग साधारण 10 एमबीची. 64 जीबीच्या कार्डावर दोन हजारांहून थोड्या अधिक रॉ मावतात आणि जेपेग सहा हजारांच्या आसपास. चार दिवसांच्या सहलीला दोन हजार फोटो पुरेसे आहेत. जागेची खरी अडचण घरी आल्यावर जाणवते, कारण प्रत्येक फाईलची किमान एक प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवावी लागते आणि सहली वर्षानुवर्षे साठत जातात. तरीही डिस्क विकत मिळते. रविवारच्या दुपारी विकत मिळत नाहीत, आणि रॉ त्याच खाते.

छत्रपती संभाजीनगरला मुक्काम करून चार दिवसांत अजिंठा, वेरूळ आणि दौलताबाद पाहायचे, रोज 250 फोटो काढायचे, अशी सहल हिशेबासाठी घेता येईल. सगळे फोटो रॉ आणि जेपेग अशा जोडीने काढले तर 38 जीबी, आणि दुसरी प्रत धरून 76 जीबी. हजारातले 250 ठेवण्याजोगे निघाले आणि प्रत्येक रॉ उघडून नीट करायला तीन मिनिटे लागली, तर साडेबारा तास होतात. नोकरी सांभाळून हा छंद जोपासणाऱ्याला याला दोन-तीन महिने लागतात. तोवर पुढची सहल येते, फाईली तशाच राहतात आणि घरच्यांनी मागितलेले फोटो कोणालाच मिळत नाहीत.

या हजारातल्या बहुतेक फोटोंना रॉची गरज नसते. सकाळच्या उन्हात दौलताबादच्या चढावर काढलेले घरच्यांचे फोटो, चहाची टपरी, रस्त्याकडेची झाडे अशा ठिकाणी उजेड सारखा असतो आणि कॅमेऱ्याचा अंदाज सहसा बरोबर येतो. इथे जेपेग पुरते आणि फोनवर घेऊन त्याच संध्याकाळी पाठवताही येते. मात्र या सहलीतल्या दोन जागा वेगळ्या आहेत.

पहिली जागा अजिंठ्याची चित्रे. पहिल्या लेण्यातले पद्मपाणी मंद, पिवळसर दिव्यात पाहावे लागते आणि फ्लॅशला बंदी आहे. हातात कॅमेरा धरून एफ 2.8 आणि 1/30 सेकंद ठेवले तरी आयएसओ 6400 च्या आसपास जातो. जेपेग तयार करताना कॅमेरा नॉइजबरोबर रंगाच्या थरातले बारीक तडे आणि रेषाही पुसतो, आणि पुसलेले परत येत नाही. व्हाइट बॅलन्सची अडचण याहून मोठी. पिवळ्या दिव्यात निळ्या रंगाची नोंद आधीच क्षीण असते. जेपेगमध्ये तिच्या वाट्याला मोजक्याच पायऱ्या येतात. पिवळेपणा काढायला गेले की ती क्षीण नोंद ताणली जाते, चेहऱ्यावर चट्टे दिसतात आणि गडद भागात चौकोनी ठोकळे उमटतात. हे ठोकळे आठ बाय आठ पिक्सेलचे असतात. जेपेग फोटो तेवढ्या तुकड्यांत पाडूनच दाबते, म्हणून ते दिसले की जेपेग सोसवेल त्यापलीकडे ताणली गेली असे समजावे. रॉमध्ये व्हाइट बॅलन्स ही केवळ सोबत लिहिलेली सूचना असते. ती मागाहून कितीही वेळा बदलता येते. क्षीण निळा तिथेही क्षीणच असतो, पण हाताशी पायऱ्या जास्त असतात आणि नॉइज किती पुसायचा हे फोटो काढणारा ठरवतो.

दुसरी जागा वेरूळचे कैलास. भर दुपारी अंगणात उभे राहिले की वर पांढरे आकाश, समोर काळ्या बसाल्टचे कोरीवकाम आणि खाली गडद सावली, असे सगळे एकाच चौकटीत येते. खडकासाठी एक्स्पोजर वाढवले तर आकाश जळते, आकाश वाचवले तर हत्ती काळे पडतात. रॉ असेल तर एक्स्पोजर कमी ठेवून आकाश राखावे आणि सावल्या मागाहून दोन स्टॉप उचलाव्यात. पाठीमागच्या पडद्यावरचा हिस्टोग्राम रॉ निवडली असली तरी जेपेगवरूनच काढलेला असतो. त्यामुळे आकाश लुकलुकत असताना रॉमध्ये थोडी माहिती अजून शिल्लक असू शकते, बऱ्याच कॅमेऱ्यांत साधारण एका स्टॉपइतकी. त्यापलीकडे सेन्सरच भरून गेलेला असेल तर रॉसुद्धा काही देऊ शकत नाही. हललेला हात आणि चुकलेला फोकसही रॉमुळे सुधारत नाहीत, हे सांगायची गरज अजून पडते.

म्हणून कॅमेरा जेपेगवर ठेवून रॉ आणि जेपेगची जोडी एखाद्या बटणावर लावणे हा सोयीचा मार्ग आहे. बऱ्याच कॅमेऱ्यांत ही सोय मेन्यूमध्ये असते. नसेल तर गुणवत्तेची नोंद झटपट उघडणाऱ्या यादीत आणावी. बटण कधी दाबायचे याच्या खुणा तीन : चौकटीत उजेडाची टोके एकत्र आली, दिव्यांचा रंग विचित्र आहे, किंवा आयएसओ 3200 च्या वर गेला. लेण्यातून बाहेर पडताना बटण परत फिरवायचे राहते, ही नेहमीची चूक. कार्डावर शिल्लक राहिलेल्या फोटोंचा आकडा एकदम निम्म्याहून खाली आलेला दिसला की ती लक्षात येते.

रात्री मुक्कामी करण्याजोगे एक काम आहे. अनेक कॅमेऱ्यांत रॉ फाईल कॅमेऱ्यातच उघडून, व्हाइट बॅलन्स आणि एक्स्पोजर बदलून नवी जेपेग काढता येते. लेण्यातले चार-पाच फोटो असे केले तर कॉम्प्युटर उघडावा लागत नाही, आणि कोणत्या रॉ पुढे ठेवण्याजोग्या आहेत तेही तिथेच कळते.

या पद्धतीने त्याच सहलीचा हिशेब असा येतो. हजार जेपेग आणि त्यांतल्या दीडशेच्या रॉ मिळून कार्डावर साधारण 14 जीबी. घरी निवड झाल्यावर 250 जेपेग आणि 30 रॉ उरल्या तर साडेतीन जीबीहून कमी. त्या तीस रॉंना प्रत्येकी पाच मिनिटे दिली तरी काम अडीच तासांत संपते.