सांडलेली कॉफी आणि दोनशे सव्वीस रुपये ऐंशी पैसे

एप्रिल महिन्यातली दुपार. घोडपदेवच्या आमच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर पंखाही गरम हवा फेकत होता. आमच्या पुतणीला नुकताच पहिला पगार मिळाला होता. अम्मीने 'ती बर्फवाली कॉफी' कधी चाखली नव्हती, म्हणून तिने मोबाइलवरून लोअर परळच्या एका दुकानातून एक कॉफी आणि एक सँडविच मागवले. दार वाजले तेव्हा डिलिव्हरीवाल्या मुलाच्या हातातली कागदी पिशवी खालून ओली होती. ग्लास अर्धा रिकामा, बर्फाचा एकही खडा नाही आणि कॉफी अंगणातल्या पाण्याइतकी कोमट. तो घामाने निथळलेला मुलगा हळूच म्हणाला, "आपा, माझ्या नावावर नका हो टाकू. आयडी बंद होते."

वाचक बंधू-भगिनींनो, हा प्रश्न तसा दोन-अडीचशे रुपयांचा. पण आपला हक सोडायचा नाही आणि कुणा गरिबाच्या रोजीवर नाहक पायही द्यायचा नाही, हे दोन्ही साधायचे कसे, यावर आमच्या घरात बरीच चर्चा झाली. त्यातून आम्ही जे शिकलो ते इथे सांगत आहोत.

पुतणी फडके घेऊन पुसायला धावली, तेव्हा आम्ही तिला थांबवले. आधी फोटो, मग सफाई. आम्ही चार फोटो काढले : पिशवीचे न फुटलेले सील, पिशवीचा ओला तळ, टेबलावर सरळ उभ्या ठेवलेल्या ग्लासातली पातळी आणि वरून झाकणाचा. सील शाबूत आणि तळ ओला, याचा अर्थ पिशवी वाटेत कुणी उघडलेली नव्हती. कॉफी आतल्या आतच गळली होती. झाकणाच्या फोटोत कारणही दिसले. घुमटासारखे झाकण एका बाजूने नीट बसलेले नव्हते आणि स्ट्रॉच्या भोकावर चिकटपट्टी लावलेली नव्हती.

कोमटपणाचा पुरावा मात्र फोटोत येत नाही. त्यासाठी आम्ही ॲपमधला ऑर्डरचा तपशील उघडला. त्यात वेळा दिसत होत्या. ऑर्डर 3.40 ला दिली, 3.52 ला तयार झाली, मुलाने ती 4.21 ला उचलली आणि 4.38 ला आमच्या दारात पोहोचवली. म्हणजे करी रोडच्या पुलावरच्या गर्दीतून यायला त्याला सतराच मिनिटे लागली. कॉफी मात्र त्याआधी एकोणतीस मिनिटे दुकानात नुसती उभी होती. बर्फ तिथेच संपत आला असणार. ग्लासात बर्फ आहे तोवर पेय थंड राहते. तो पूर्ण वितळला की उन्हाळ्यात कॉफी तापायला वेळ लागत नाही. या वेळांचाही आम्ही स्क्रीनशॉट घेऊन ठेवला.

मदतीच्या चॅटमध्ये पहिले उत्तर आले : "बर्फ वितळल्यामुळे पेय कमी दिसू शकते." सोबत पुढच्या ऑर्डरवर पन्नास रुपयांचे कूपन. हे उत्तर ऐकायला बरोबर वाटते, पण ते चूक आहे. घरी करून पाहा. ग्लासात पाणी आणि बर्फ घ्या, पाण्याच्या पातळीवर पेनाने खूण करा आणि बर्फ वितळू द्या. तरंगणारा बर्फ वितळला तरी पातळी खुणेवरच राहते. बर्फ इतका ठासून भरला असेल की तो तळाला टेकला आहे, तर वितळल्यावर पातळी उलट वर चढते. वरचा बर्फाचा ढीग बसतो, पण पाणी खाली जात नाही. म्हणून ग्लास अर्धा असेल, तर कॉफी सांडलेलीच आहे.

मग मागायचे किती? पुतणी म्हणाली, सगळे बिल मागू. पण सँडविच नीट आले होते आणि ते आम्ही खाल्लेही होते. कॉफी 240 रुपयांची, सँडविच 160 चे. एकूण 400 वर 40 रुपये सूट, म्हणजे दहा टक्के. सूट वजा जाता कॉफीचे 216 रुपये आणि त्यावर बिलात लावलेला पाच टक्के जीएसटी 10 रुपये 80 पैसे. एकूण 226 रुपये 80 पैसे. डिलिव्हरीचे पैसे आम्ही मागितले नाहीत, कारण त्याच फेरीत सँडविच आले होते. हिशेब असा चोख असला की समोरच्याला घासाघीस करायला जागा राहत नाही.

तक्रारीत कारण निवडताना 'डिलिव्हरी पार्टनर' न निवडता 'पॅकिंग / पदार्थ सांडला' हे निवडले आणि खाली असे लिहिले :

"आइस्ड कॉफी अर्धी सांडलेली व कोमट मिळाली. पिशवीचे सील शाबूत होते. झाकण नीट बसवलेले नव्हते. ऑर्डर 3.52 ला तयार होऊन 4.21 पर्यंत दुकानात होती. पोहोचवणाऱ्याची चूक नाही. सँडविचबद्दल तक्रार नाही. कॉफीचे 226.80 रुपये ज्या खात्यातून भरले त्याच खात्यात परत करावेत. कूपन नको. चार फोटो व वेळांचा स्क्रीनशॉट जोडला आहे. तक्रार क्रमांक कळवावा."

कूपन नाकारणे महत्त्वाचे. ते स्वीकारले की तक्रार मिटली असे बहुधा धरले जाते आणि ते वापरायला पुन्हा खर्च करावा लागतो.

चॅटमध्ये दाद मिळाली नाही, म्हणून हाच मजकूर आम्ही तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल केला. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार अशा कंपनीने या अधिकाऱ्याचे नाव आणि संपर्क आपल्या ॲपवर किंवा संकेतस्थळावर द्यावाच लागतो. तक्रार मिळाल्याची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात, हेही त्याच नियमांत आहे. त्यापुढे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, क्रमांक 1915. ती कंपनीशी बोलून तोडगा काढते, पण हुकूम देऊ शकत नाही. हुकूम हवा असेल तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही आणि घटनेपासून दोन वर्षांपर्यंत जाता येते. एका कॉफीसाठी तिथवर कुणी जाणार नाही, पण वाट ठाऊक असावी.

एक इशारा मात्र आवर्जून. कंपनीचा फोन नंबर गुगलवर शोधू नका. तिथे ठगांचे नंबर पेरलेले असतात. 'रिफंड पाठवतो, पिन टाका' असे कुणी म्हणाले की फोन ठेवा. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही, तो पैसे देताना लागतो. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे एकदा नीट समजावून सांगा.

आमच्या ईमेलला दुसऱ्या दिवशी पोच आली आणि सहाव्या दिवशी 226 रुपये 80 पैसे पुतणीच्या खात्यात जमा झाले. त्या मुलाला आम्ही त्याच दिवशी ॲपवर पाच तारे दिले होते.

आणि अम्मी? त्या दुपारी तिने ग्लासातली कोमट कॉफी एक घोट पिऊन पाहिली आणि म्हणाली, "एवढ्या पैशांत मी तुम्हा सगळ्यांना आठवडाभर चहा पाजला असता."