एकर मोजून एचपी ठरतो, पण पाणी चढ मोजून चढते. भोकरदनच्या विहिरींवर मोटारीचे गणित कुठे चुकते?

भोकरदन : 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत पंपाची ताकद जमिनीवरून ठरते. अडीच एकरांपर्यंत ३ एचपी, पाच एकरांपर्यंत ५ एचपी आणि त्यापुढे साडेसात. दुसरीकडे वीजपंपवाल्यांसाठी बळीराजा मोफत वीज योजना आहे. एप्रिल २०२४ पासून मार्च २०२९ पर्यंतची ही माफी साडेसात एचपीपर्यंतच मिळते. त्यामुळे "जरा मोठीच मोटार घे, कामाला येईल" हा गावोगावचा जुना सल्ला आता महागात पडतो. १० एचपी बसवली की माफी गेली. आणि सौर पंपात तर वाढवून मागायची सोयच नाही.

अडचण अशी की, एकरावरून फक्त पाणी किती लागेल एवढेच कळते. ते पाणी किती उंच चढवायचे, हे सातबारा सांगत नाही. केळणेच्या काठावर विहिरीशेजारीच रान असलेला चार एकरवाला आणि विहीर खाली नाल्यात, रान वर माळावर असलेला चार एकरवाला, दोघांनाही ५ एचपीच मिळतो. पहिल्याला तो पुरून उरतो. दुसऱ्याचे ठिबक शेवटच्या ओळीत नुसते ओले होते, मग पंप खराब निघाला अशी बोंब होते. पंप खराब नसतो, हेड चुकलेले असते.

हेड म्हणजे पंपाला एकूण किती मीटर जोर लावायचा आहे ते. माळावरच्या त्या चार एकर मिरचीचे उदाहरण घेऊ. उन्हाळ्यात विहिरीतले पाणी ४५ फुटांवर जाते, म्हणजे सुमारे १४ मीटर. तिथून रान ३३ फूट उंच, म्हणजे आणखी १० मीटर. फिल्टर आणि ठिबक नीट चालायला पाइपाच्या तोंडाशी २ किलो दाब लागतो, तो २० मीटर उंचीएवढा. झाले ४४ मीटर. बहुतेक जण यातले पहिले दोन आकडे धरतात, ठिबकचा दाब विसरतात. मोकाट पाणी देताना ते चालून जायचे.

चौथा आकडा पाइपातल्या घर्षणाचा, आणि खरा घोळ तिथेच आहे. विहीर ते रान १२०० फूट आहे आणि सेकंदाला ५ लिटर पाणी न्यायचे आहे असे धरा. दोन इंची, म्हणजे ६३ मिमी पाइप टाकला तर नुसत्या घर्षणात, बेंड-व्हॉल्व्ह धरून, साधारण २४ मीटर जातात. विहिरीची खोली आणि माळाची चढण मिळून जेवढे होते तेवढे! तेच तीन इंची, ९० मिमी पाइपात ५ मीटरवर भागते. म्हणजे एका पाइपावर एकूण हेड ६८ मीटर, दुसऱ्यावर ४९. रान तेच, विहीर तीच.

आता एचपी. सूत्र सोपे आहे :

एचपी = (लिटर प्रति सेकंद × हेड मीटरमध्ये) ÷ (७५ × पंपाची कार्यक्षमता)

पंपाची कार्यक्षमता ५५ टक्के धरली आणि वर १५ टक्के राखीव ठेवले, तर दोन इंची पाइपावर उत्तर साडेनऊच्या आसपास येते. बाजारात साडेनऊची मोटार मिळत नाही, म्हणून १० एचपी घ्यावी लागते. तीन इंची पाइपावर उत्तर ६.८, म्हणजे साडेसात पुरते. अडीच इंची पाइप बरोबर साडेसातच्या काठावर येतो, तिथे जोखीम न घेतलेली बरी. थोडक्यात, मोफत वीज मिळणार की नाही हे इथे पाइपाच्या जाडीवर ठरले. पाइप एकदाच घ्यायचा असतो, बिल मात्र दर वेळी येते.

कार्यक्षमतेचा आकडा घेताना एक चूक हमखास होते. बऱ्याच पंपांच्या नेमप्लेटवर पंप आणि मोटार मिळून असलेली एकूण कार्यक्षमता छापलेली असते. पंप ५५ टक्के, मोटार ८० टक्के असेल तर पाटीवर ४४ दिसते. तोच ४४ सूत्रात टाकला की साडेसातची गरज साडेआठ दिसते आणि माणूस पुन्हा १० कडे सरकतो. मोटारीचा एचपी हा तिच्या शाफ्टवर मिळणारा असतो. त्यामुळे सूत्रात फक्त पंपाची कार्यक्षमता टाकायची. एकूण कार्यक्षमतेने भागले तर विजेची खेच कळते, मोटारीचा आकार नाही.

राखीव १५ टक्के कशासाठी, यावरही गैरसमज आहे. उन्हाळ्यात पाणी खोल गेले की मोटारीवर ताण येतो असे सगळे म्हणतात. शेतातल्या नेहमीच्या पंपात उलटेच होते. पावसाळ्यात विहीर भरली की हेड दहा मीटरने घटते, पंप जास्त पाणी फेकतो आणि जास्त ॲम्पिअर ओढतो. त्यात व्होल्टेज कमी मिळाले की करंट आणखी चढतो. म्हणून भरल्या विहिरीवर मोटार जळते आणि रिवाइंडिंगला जाते, तेव्हा "पाणी तर वर होतं, मग जळली कशी?" हा प्रश्न पडतो. स्टार्टरवरचा ॲम्पिअर काटा नेमप्लेटच्या आकड्यापुढे जात असेल, तर डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह थोडा आवळावा. पाणी कमी होते, काटाही खाली येतो. मात्र राखीव एकदाच धरायचे. हेडमध्ये थोडे, पाण्यात थोडे आणि शेवटी एचपीत पुन्हा थोडे, असे करत गेले की ५ ची गरज साडेसातवर जाते.

मग सौर योजनेत ५ एचपीच मिळणारा माळावरचा चार एकरवाला काय करणार? त्याला हेड फारसे कमी करता येत नाही, पण एका वेळचे पाणी कमी करता येते. मिरचीला दिवसाला ४ मिमी पाणी धरले तर चार एकरांना सुमारे ६५ हजार लिटर लागतात. सेकंदाला ५ लिटरने हे साडेतीन-पावणेचार तासांत होते. रानाचे दोनऐवजी तीन भाग करून व्हॉल्व्ह पाळीपाळीने उघडले तर सेकंदाला ३.३ लिटर पुरतात, वेळ साडेपाच तास लागतो. तीन इंची पाइपात घर्षणही उतरते, एकूण हेड ४७ मीटर होते आणि सूत्राचे उत्तर ४.३ एचपी येते. ५ एचपी बसला. अर्थात साडेपाच तास चांगले ऊन हवे आणि विहिरीला तेवढा झरा हवा. ढगाळ दिवशी दाब पडतो, तेव्हा एकच भाग भिजवावा.

सौर पंपात एकाच एचपीत वेगवेगळ्या हेडचे पंप येतात. कमी हेडचा पंप पाणी भरपूर फेकतो, पण माळावर चढत नाही. म्हणून पाहणीच्या वेळी विहिरीची नुसती खोली न सांगता चढण, पाइप आणि ठिबकचा दाब मिळून हेड सांगायला हवे.

पंप बसल्यावर तपासणी अशी : भर उन्हात ठिबक बंद करून पाइपाच्या रानातल्या तोंडाशी व्हॉल्व्ह आणि दाबाचा गेज लावावा. गेजवर २ किलो दिसेपर्यंत व्हॉल्व्ह आवळावा आणि तिथून निघणारे पाणी २०० लिटरच्या ड्रममध्ये घ्यावे. ड्रम एका मिनिटात भरला तर सेकंदाला ३.३ लिटर मिळतात. दीड मिनिट लागले तर २.२ लिटरच. मग रानाचे तीन भागही पुरणार नाहीत, पाच करावे लागतील. व्हॉल्व्ह सताड उघडून ड्रम भरला तर आकडा छान दिसतो, पण त्या दाबावर ठिबक चालत नाही.