कारम वाचलं, पण त्या चार दिवसांची नोंद कुठे?

ऑगस्ट २०२२. धार जिल्ह्यात कोठीदा गावाजवळ कारम नदीवरचं बांधकाम सुरू असलेलं मातीचं धरण पहिल्यांदाच भरत होतं. ११ तारखेला भिंतीतून पाणी झिरपू लागलं. धार आणि खरगोनची १८ गावं रिकामी केली, आग्रा-मुंबई महामार्ग काही काळ बंद झाला. पोकलेननं बाजूला चर खोदून १४ ऑगस्टला पाणी सोडलं गेलं. जीवितहानी झाली नाही. पुढे अधिकारी निलंबित झाले, ठेकेदार काळ्या यादीत गेले.

दोषी कोण, हे यातून ठरतं. पण पुढच्या धरणावरच्या चौकीदाराला यातलं काय कामाला येणार?

मातीच्या भिंतीतून थोडं पाणी झिरपतंच. ते नितळ असेल तर लक्ष ठेवायचं. गढूळ असेल तर पाणी आतली माती घेऊन निघालंय, आत बीळ तयार होतंय आणि ते तासागणिक रुंदावतं. म्हणून नुसतं ‘गळती आढळली’ असं लिहिण्याला फारसा अर्थ नाही. भिंतीच्या टोकापासून किती मीटरवर, पायथ्यापासून किती उंचीवर, किती वाजता, पाणी नितळ की गढूळ, आणि त्या वेळी जलाशयाची पातळी किती, हे लिहायला हवं.

पातळी तर सगळ्यात आधी. समजा, १५ लिटरची बादली आज १० सेकंदांत भरली, म्हणजे सेकंदाला दीड लिटर. उद्या तीच बादली ६ सेकंदांत भरली, म्हणजे अडीच लिटर. पातळी वाढली असेल तर वाढीव दाबानंही असं होऊ शकतं. पातळी तीच असेल तर मात्र वाट रुंदावतेय, गावं हलवायची वेळ आली. पातळी लिहिलीच नसेल तर हे दोन्ही आकडे वाया.

चराचंही तसंच. केव्हा सुरू केला, खडक कुठे लागला, पाणी सुटल्यावर चर किती वेळात स्वतःच रुंद होत गेला, हे तासावार लिहिलेलं असेल तर पुढच्या वेळी कुणालाही अंदाजानं खोदावं लागणार नाही. ही माहिती नंतर आठवून लिहिता येत नाही, आणि चौकशी सुरू झाली की लोक आठवतातही जपूनच!

कोकणात तिवरे धरण २ जुलै २०१९ ला फुटलं. गळतीबद्दल गावकरी आधीपासून सांगत होते. तक्रार होती, पण गळती वाढतेय की तेवढीच आहे, हे त्यातून कळायला मोजमाप लागतं.

२०२१ च्या धरण सुरक्षा कायद्यात न फुटलेल्या धरणातल्या अशा घटनांनाही वेगळं नाव आहे, नोंदवहीही सक्तीची आहे. पण तो मोठ्या धरणांपुरता, साधारण १५ मीटरच्या वरच्या. देवासकडे शेतकऱ्यांनी खोदलेली हजारो शेततळी आहेत, ती यात येत नाहीत. तिथे वही, बादली आणि घड्याळ शेतमालकानंच ठेवायचं.