सनाचं नाव à¤¸à¤¨à¤¾ का होतं?

जुन्या नाशकातल्या एका महिला बचत गटाच्या सदस्यांची यादी गेल्या महिन्यात माझ्यासमोर आली. गटातल्या एका बाजींच्या मुलीनं गूगल फॉर्म करून सगळ्यांची नावं मराठीत भरून घेतली होती. फॉर्ममधली उत्तरं CSV फाइल म्हणून उतरवली, तोवर सगळं ठीक होतं. मग फाइलवर डबल-क्लिक केलं, एक्सेल उघडलं आणि नावांच्या जागी नुसती चिन्हं दिसू लागली. सायबर कॅफेवाल्यानं व्हायरस आहे असं सांगून यादी पुन्हा टाइप करण्याचे पैसे सांगितले. बाजी तयारही झाल्या होत्या, कारण दुसऱ्या दिवशी यादी बँकेत द्यायची होती.

व्हायरस वगैरे काही नव्हतं. फाइलमधलं मराठी जसंच्या तसं होतं, एक्सेल ते चुकीच्या तक्त्यावरून वाचत होतं.

संगणक अक्षर साठवत नाही, आकडे साठवतो. कोणता आकडा म्हणजे कोणतं अक्षर, हे ठरवणाऱ्या तक्त्याला एन्कोडिंग म्हणतात. आज बहुतेक ठिकाणी UTF-8 हा तक्ता चालतो. त्यात देवनागरीचं प्रत्येक अक्षर आणि प्रत्येक काना-मात्रा तीन-तीन आकड्यांत, म्हणजे तीन बाइटमध्ये लिहिली जाते. ‘सना’मध्ये स, न आणि काना असे तीन घटक, म्हणून नऊ बाइट. पण CSV फाइल आपण कोणत्या तक्त्यात लिहिली आहे हे सांगत नाही. मग आपल्याकडच्या बहुतेक संगणकांवर एक्सेल Windows-1252 हा जुना युरोपीय तक्ता धरून चालतं. त्यात एक बाइट म्हणजे एक चिन्ह. म्हणून नऊ बाइटची नऊ चिन्हं होतात:

```
à¤¸à¤¨à¤¾
```

नीट पाहिलं तर दर तीन चिन्हांनी à येतं, कारण देवनागरीच्या प्रत्येक घटकाचा पहिला बाइट तोच असतो. ही खूण दिसली की मजकूर शाबूत आहे असं समजावं. आपल्या घरांत उर्दू फाइलीही असतात, त्यांची खूण वेगळी. उर्दूची अक्षरं दोन-दोन बाइटची, म्हणून ‘से’नं लिहिलेली सना Ø«Ù†Ø§ अशी दिसते. Ø आणि Ù यांची गर्दी दिसली की मूळ मजकूर उर्दू किंवा अरबी आहे हे न वाचताच कळतं.

आता इलाज. बिघडलेली फाइल सेव्ह न करता बंद करायची. एक्सेलमध्ये नवीन कोरी फाइल उघडून Data मध्ये From Text/CSV निवडायचं आणि आपली CSV दाखवायची. समोर यादीचा नमुना येतो. त्याच्या वर File Origin असा रकाना असतो, तिथे 65001: Unicode (UTF-8) निवडायचं. नमुन्यातली नावं तिथल्या तिथे मराठीत दिसू लागतात. तशी दिसली तरच Load दाबायचं. बाजींचं काम एवढ्यानंच झालं, दोन मिनिटंही लागली नाहीत.

यादी पुढे दहा जणींना पाठवायची असेल तर प्रत्येकीला हे शिकवत बसण्यापेक्षा CSV नोटपॅडमध्ये उघडावी, Save As करताना खालच्या Encoding मध्ये UTF-8 with BOM निवडावं. त्यानं फाइलच्या सुरुवातीला तीन बाइटची ओळखखूण बसते आणि मग डबल-क्लिक केलं तरी एक्सेल योग्य तक्ता धरतं.

सेव्ह करू नका असं का म्हटलं? बिघडलेल्या रूपात एक्सेलची फाइल म्हणून सेव्ह केली की ती चिन्हंच खरा मजकूर होऊन बसतात. ती उलटी फिरवता येतात, पण ‘नुसरत’मधला उकार आणि ‘रुख्साना’मधला पाय मोडलेला ख इथे घात करतात. उकाराच्या आणि हलन्ताच्या तिसऱ्या बाइटला त्या युरोपीय तक्त्यात चिन्हच नेमलेलं नाही. इकडून तिकडे कॉपी करताना असे बाइट सहज गळतात आणि नाव परत जुळत नाही. मूळ CSV जपून ठेवणं किंवा फॉर्ममधून ती पुन्हा उतरवणं केव्हाही सोपं.

नावांच्या जागी नुसती ????? दिसली तर मात्र गोष्ट वेगळी. चांगली मराठी यादी एक्सेलमधून CSV (Comma delimited) या प्रकारात सेव्ह केली की असं होतं. ज्या अक्षराला जुन्या तक्त्यात जागा नाही, त्याच्या जागी प्रश्नचिन्ह लिहिलं जातं आणि अक्षर कायमचं जातं. तिथे कोणताही तक्ता निवडून उपयोग नाही. त्याच यादीत CSV UTF-8 (Comma delimited) असा वेगळा प्रकार असतो, तो निवडायचा.

छापखान्यातून आलेली श्री-लिपीतली जुनी पत्रिका उघडली की दिसणारी चिन्हं या दोन्हींत बसत नाहीत. तिथे दर तिसरं à नसतं. तो मजकूर युनिकोडमध्ये लिहिलेलाच नसतो, रोमन चिन्हांवर मराठी अक्षरांचे आकार चढवलेले असतात. त्याला तोच फॉन्ट लागतो, नाहीतर युनिकोडमध्ये बदलून देणारा कन्व्हर्टर.