गाडीखालचं लिंबू

मैत्रिणींनो, गेल्या डिसेंबरअखेर आमच्या धाकट्या भाऊजींनी गाडी घेतली. पूजेचं ताट माझ्याकडे आलं आणि वेळेचा घोळही! दिवस शनिवारचा. छापील तक्त्यात राहुकाळ ९ ते १०॥, म्हणून भाऊजी म्हणाले, "पावणेअकराला आणू." पण सासूबाईंनी हिशेबच मांडला. तो तक्ता सूर्योदय सहाला धरून केलेला. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सातला उगवतो नि सहाला मावळतो. त्या अकरा तासांचे आठ भाग केले, की एक भाग सुमारे ८२ मिनिटांचा. शनिवारी तिसरा भाग राहुकाळाचा, म्हणजे पावणेदहा ते अकरा वाजून सात मिनिटं! मग साडेअकरा ठरली. मला ती वेळ आवडली ती लख्ख उजेडासाठी. गाडीवरचा ओरखडा पूजेआधीच दिसतो. (दसरा-पाडव्याला वेगळा मुहूर्त पाहावा लागत नाही, पण दुकानात त्या दिवशी कोण गर्दी!)

पूजा साधीच. बॉनेटवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक, हळद, अक्षता, हार, मग ओवाळणं. पुढच्या काचेवर मात्र काही काढू नका. रात्री समोरच्या दिव्यांनी तिथेच डोळे दिपतात. नारळ गाडीवरून उतरवून बाजूच्या दगडावर फोडावा आणि करवंटीचे तुकडे लगेच वेचावेत.

खरी काळजी लिंबांची. २०२५ च्या सप्टेंबरात दिल्लीत एका बाईंनी शोरूमच्या पहिल्या मजल्यावर लिंबू चिरडायला गाडी सुरू केली, ॲक्सिलरेटर जोरात दाबला गेला आणि गाडी काच फोडून खाली रस्त्यावर पडली. जीव वाचले, एवढंच.

आमच्या जाऊबाईही "मीच चालवणार" म्हणून बसल्या होत्या, आणि गाडी ऑटोमॅटिक! मी म्हटलं, "अगं, आधी खाली अंगणात तर आणू दे." गाडी सपाट जागेवर आणली, समोरची माणसं बाजूला केली. इंजिन बंद असतानाच चार लहान लिंबं चाकांपुढे ठेवली आणि ठेवणारा पुतण्या दूर येऊन उभा राहिल्यावरच किल्ली फिरवली. पाय ब्रेकवर ठेवून गिअर टाकला. ऑटोमॅटिक गाडीत ब्रेक हलकेच सोडला की ती आपणहून सरकते. ॲक्सिलरेटरला पाय लावायचाच नाही. लिंबं फुटली, लगेच ब्रेक. गिअरच्या गाडीत हेच काम क्लच हळू सोडून होतं. स्कूटरला दोन लिंबं पुरतात, आणि ती तर इंजिन बंद ठेवून हातानेच ढकलावी.

चिरडलेली लिंबं तेवढी लगेच उचला हं! शहाबादी फरशीवर रस राहिला, की पांढरा डाग पडतो. आमच्या ओट्यापुढे आहे तो अजून.