विसाव्यातला विद्युतदाब पुरेसे सांगत नाही

रायपूरच्या तेलीबांधा तलावाकाठी प्रवाशांची वाट पाहत उभ्या असलेल्या ई-रिक्षाची एखादी जुनी बॅटरीही मल्टिमीटरवर १२.६ व्होल्ट दाखवू शकते. तेवढ्यावरून तिला निरोगी ठरवणे चूक आहे. प्रवाहच वाहत नसेल, तर अंतर्गत रोध प्रकट होणार कसा?

समजा, भरलेली रिक्षा निघताना मोटार ६० ॲम्पिअर प्रवाह ओढते. चांगल्या बॅटरीचा अंतर्गत रोध ५ मिलिओहम असेल, तर ०.३ व्होल्ट आतच खर्ची पडतात आणि टोकांवर १२.३ उरतात. जीर्ण बॅटरीत तोच रोध २५ मिलिओहम झाला असेल, तर १.५ व्होल्ट घटून ११.१ उरतात, शिवाय ९० वॅट उष्णता आतच निर्माण होते. रिक्षा थांबताच दाब पुन्हा चढतो आणि दोष झाकला जातो.

हा वाढलेला रोध म्हणजे वार्धक्याची खूण होय. शिसे-आम्ल बॅटरीच्या पट्ट्यांवर सल्फेटचे टणक स्फटिक साचतात, आतील शिशाची जाळी गंजते आणि प्रवाहाची वाट अरुंद होते.

अर्थात, अर्धवट भारित किंवा थंड बॅटरीचाही दाब असाच ढळतो. म्हणून पूर्ण भारणानंतरच चाचणी घ्यावी. चारही बॅटऱ्या एकसर जोडणीत असल्याने प्रत्येकीतून समान प्रवाह वाहतो. जिचा दाब सर्वाधिक घसरेल, तीच संशयित. भाराखाली मोजल्याविना संपूर्ण संच बदलायला सांगणे हे निदान नव्हे, अंदाज आहे.