पोच म्हणजे निकाल नव्हे

लैंगिक छळाच्या तक्रारीविषयी आपल्याकडे जी चर्चा होते ती बहुतेक वेळा चौकशीच्या शेवटाविषयी असते. दोषी कोण ठरला, शिक्षा काय झाली, समितीने पक्षपात केला काय, असे तिचे प्रश्न असतात. वास्तविक पुष्कळशा प्रकरणांचे भवितव्य अर्ज हाती पडल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यातच ठरून जाते. या आठवड्यात संस्थेला दोनच कामे करावयाची असतात. अर्जाची पोच द्यावयाची आणि चौकशी संपेपर्यंतची तात्पुरती व्यवस्था लावावयाची. ही दोन्ही कामे कारकुनी स्वरूपाची मानली जातात, आणि बिघाड नेमका तेथेच होतो.

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा 2013 साली झाला. उच्च शिक्षणसंस्थांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने 2015 साली विनियम केले आणि त्यांत विद्यार्थ्यांचाही स्पष्ट अंतर्भाव केला. अर्जाची प्रत प्रतिवादीला सात दिवसांत पाठवावी, त्याने दहा दिवसांत उत्तर द्यावे आणि चौकशी नव्वद दिवसांत संपवावी, असा क्रम त्यांत ठरवून दिला आहे. मात्र अर्ज देणाऱ्या व्यक्तीला पोच कधी व कोणत्या शब्दांत द्यावी याविषयी त्यांत वेगळी तरतूद नाही. ही उणीव प्रत्येक समितीने आपल्या विवेकाने भरून काढावयाची असते.

एक कल्पित उदाहरण घेऊ. अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गातील एक विद्यार्थिनी आपल्या लघुप्रबंधाच्या मार्गदर्शक प्राध्यापकाविरुद्ध सोमवारी अंतर्गत तक्रार समितीकडे अर्ज देते. तो प्राध्यापक तिच्या लघुप्रबंधाला गुणही देणार आहे. अर्ज कार्यालयात येताच पहिला धोका उभा राहतो, तो आवक नोंदवहीचा. विषयाच्या रकान्यात विद्यार्थिनीचे नाव आणि 'लैंगिक छळाची तक्रार' हे शब्द पडले, की दुपारच्या चहापर्यंत ती वार्ता शिपायापासून ग्रंथपालापर्यंत सर्वांना ठाऊक होते. म्हणून समितीची नोंदवही स्वतंत्र असावी, ती पीठासीन अधिकाऱ्याच्या कुलपात राहावी, आणि सर्वसाधारण नोंदवहीत केवळ क्रमांक व 'बंद पाकीट' एवढीच नोंद व्हावी.

पोच त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, लेखी मिळाली पाहिजे. अर्ज किती पृष्ठांचा आहे, तो कोणत्या तारखेस मिळाला, पुढचे पाऊल कोणते व ते केव्हा पडेल, आणि तात्पुरत्या संरक्षणाची मागणी तिला लेखी करता येते, एवढे तीत असावे. तिची भाषा हा मात्र नाजूक भाग आहे. 'आपल्यावर झालेल्या अन्यायाबद्दल समितीला खेद वाटतो' असे लिहिणारा सदस्य सहृदय असेल, पण त्याने चौकशीपूर्वीच निकाल लिहिला. उलट 'आपण केलेल्या तथाकथित आरोपांबाबत' असे लिहिणाऱ्याने अविश्वास नोंदवला. 'आपला अर्ज मिळाला. समिती त्याची नियमानुसार चौकशी करील' हे साधे वाक्य दोघांनाही न्याय देते. त्याचबरोबर 'आपले नाव कोणालाही कळणार नाही' असे वचन कोणी देऊ नये. अर्जाची प्रत प्रतिवादीला द्यावीच लागते. कारण आरोप कोणाचा व कशाचा हे कळल्याशिवाय त्याला उत्तर देता येणार नाही. गुप्तता पाळावयाची ती जगापासून, प्रतिवादीपासून नव्हे. हा भेद पहिल्याच दिवशी सांगितला नाही, तर आठव्या दिवशी आपली फसवणूक झाली असे तिला वाटते, आणि ते वाटणे अस्थानी नसते.

आता तात्पुरत्या व्यवस्थेकडे वळू. दोघांपैकी एकाची दुसऱ्या विभागात बदली, तक्रारदारास तीन महिन्यांपर्यंत रजा, आणि प्रतिवादीला तिच्या कामाचे मूल्यमापन करण्यास मनाई, हे त्यांतील प्रमुख उपाय होत. अनेक संस्थांचा कल रजेकडे असतो. त्यात कार्यालयाला काहीच हलवावे लागत नाही. परंतु प्रत्येक व्यवस्थेला किंमत असते, आणि ती कोण मोजतो हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने तरी विचारले पाहिजे. सत्र जेमतेम चार महिन्यांचे असते. तीन महिन्यांची रजा म्हणजे त्या मुलीचे सत्र बुडाले, बहुधा वर्षही गेले. याउलट प्राध्यापकाकडून एक लघुप्रबंध काढून घेतल्याने त्याचे वेतन, पद वा ज्येष्ठता यांतले काहीच कमी होत नाही. ज्या उपायाने संरक्षण तेवढेच मिळते आणि उभयतांचे नुकसान सर्वांत कमी होते, तोच प्रथम योजावा. रजा तिने स्वतः मागितली तर द्यावी. ती तिच्यावर लादू नये.

पण याही उपायात एक खाच आहे. 'कुमारी अमुक यांचे मार्गदर्शक बदलण्यात येत आहेत' असा एकाच नावाचा आदेश सूचनाफलकावर लागला, की न लिहिलेले सारे वाचले जाते. दोघांचीही अब्रू त्या एका कागदाने फलकावर टांगली जाते. तेव्हा विषयांच्या सोयीने दोन-तीन विद्यार्थ्यांच्या मार्गदर्शकांची अदलाबदल त्यांच्या संमतीने एकाच आदेशात करावी, आणि संपूर्ण वर्गाचे लघुप्रबंध त्या वर्षी बाहेरच्या परीक्षकाकडे द्यावेत. प्राचार्यांकडे जाणाऱ्या शिफारशीत काय करावयाचे एवढेच असावे. घटनेचा तपशील त्यांना त्या टप्प्यावर लागत नाही. अर्जाची प्रत आणि हा आदेश प्रतिवादीच्या हाती एकाच दिवशी पडावेत. आदेश आधी पोचला तर तो कारण शोधत विभागभर फिरतो, आणि प्रत आधी पोचली तर मधले दिवस विद्यार्थिनी असंरक्षित राहते. सोबतच्या पत्रात दोन वाक्ये अवश्य असावीत: ही व्यवस्था म्हणजे शिक्षा नव्हे आणि तिची नोंद सेवापुस्तकात होणार नाही; तसेच विद्यार्थिनीशी प्रत्यक्ष वा कोणामार्फत संपर्क साधू नये.

यालाही मर्यादा आहेत. तीन शिक्षकांच्या विभागात कोणतीही अदलाबदल फार काळ झाकून राहत नाही. 2013 च्या कायद्यातील कलम 16 तक्रारदार, प्रतिवादी व साक्षीदार या सर्वांची ओळख प्रसिद्ध करण्यास मनाई करते खरे, पण त्याच्या भंगासाठी नियमांनी ठेवलेली रक्कम अवघी पाच हजार रुपये आहे. कुजबुजीला तेवढ्याने आळा बसत नाही. तो बसतो कागद थोड्या हातांतून जाण्याने.

प्रतिवादीची एवढी काळजी कशासाठी, असे काही कार्यकर्ते विचारतात. त्यांचा संताप समजण्यासारखा आहे; वर्षानुवर्षे अर्ज दडपले गेले आहेत. परंतु गोवा विद्यापीठातील एका प्रकरणाचा निकाल त्यांनी वाचावा. तेथील शिक्षकाविरुद्धच्या 2009 सालच्या चौकशीत घाई झाली आणि बचावाची पुरेशी संधी मिळाली नाही, या कारणास्तव सर्वोच्च न्यायालयाने 12 मे 2023 रोजी ती कारवाई रद्द करून प्रकरण पुन्हा चौकशीकडे धाडले. चौदा वर्षांनंतर तक्रार करणाऱ्या मुलींच्याही पदरी निर्णय पडला नाही आणि त्या शिक्षकाच्याही. प्रतिवादीला न्याय्य वागणूक देणे ही त्याच्यावर मेहेरबानी नव्हे. तक्रारदाराला मिळणारा निकाल न्यायालयात टिकावा यासाठी घातलेला तो पाया आहे.

नवे शैक्षणिक वर्ष सुरू होताना महाविद्यालये समितीच्या सदस्यांची नावे फलकावर लावतात. त्याच दिवशी पोचेचा मसुदा, स्वतंत्र नोंदवही आणि पर्यायी परीक्षकांची यादीही तयार करून ठेवावी. अर्ज आल्यावर या गोष्टी शोधू लागणारी संस्था पहिला आठवडा गमावते, आणि मग चौकशी व्हायच्या आधीच निकाल मार्गिकेत लागलेला असतो.